‘किती महत्त्वाचं?’ असं विचारायचं, तर आधी माप ठरवा

वाचकाचं पत्र

मी पुणे जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. चाचणीत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या दंग्यांवर ‘१८७५ चे दख्खनचे दंगे किती महत्त्वाचे होते?’ असा आठ गुणांचा प्रश्न घातला होता. जवळजवळ सगळ्यांनी आधी कारणं लिहिली, मग परिणाम लिहिले आणि शेवटी ‘म्हणून हे दंगे अतिशय महत्त्वाचे होते’ असं वाक्य जोडलं. एका मुलाने मात्र लिहिलं, की दंगे फारसे महत्त्वाचे नव्हते, कारण ते तीसेक गावांतच झाले आणि सरकारने मोडून काढले. मी त्याला तीन गुण दिले. तो विचारायला आला, ‘मॅडम, एकच उत्तर चालणार होतं, तर ‘किती’ कशाला विचारलंत?’ मला काही सांगता आलं नाही. असा प्रश्न काढावा कसा आणि तपासावा कसा?

उत्तर

त्या मुलाने नेमकं बोट ठेवलं आहे. ‘किती’ म्हटलं की माप आलं. दूध किती म्हणून विचारलं तर लिटर, कापड किती म्हटलं तर मीटर. तुमच्या प्रश्नात ‘किती’ आहे, पण माप नाही. मग मुलांनी हाताशी होतं ते माप घेतलं. परिणामांची यादी जितकी लांब तितकं महत्त्व जास्त, आणि ज्या अर्थी धडा पुस्तकात आहे त्या अर्थी तो महत्त्वाचाच असणार. मुलांचा हा आळस नव्हे. प्रश्नात जे लिहिलेलं नव्हतं ते त्यांनी अंदाजाने भरून काढलं.

तुमच्या पत्रातही एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, तिच्याकडे जरा थांबून पाहू. महत्त्व घटनेतच असतं, आपण ते फक्त शोधून काढायचं, असं आपण सहसा धरून चालतो. पण घटनेत असतात त्या घडलेल्या गोष्टी. महत्त्व कोणीतरी, कशाच्या तरी संदर्भात, कुठल्यातरी मापाने ठरवतं. परिणाम आणि महत्त्व यांतला फरक इथेच आहे. दंग्यांनंतर चौकशी आयोग नेमला गेला, हा परिणाम. तो आयोग नेमला जाणं ही मोठी गोष्ट होती का, कोणासाठी आणि कशावरून, हा महत्त्व ठरवण्याचा प्रश्न. पहिल्याला उत्तर म्हणून माहिती पुरते. दुसऱ्याला निकाल द्यावा लागतो, आणि निकाल द्यायचा म्हणजे निकष सांगावा लागतो.

निकष काही आपल्याला नव्याने बनवायला नकोत. इंग्लंडमध्ये इतिहासाच्या अध्यापनावर लिहिणारे जेफ्री पार्टिंग्टन यांनी १९८० साली पाच कसोट्या मांडल्या: त्या काळच्या लोकांना घटना किती महत्त्वाची वाटली, तिचा परिणाम किती खोल गेला, किती लोकांवर झाला, किती काळ टिकला आणि आजच्याशी तिचा काय संबंध आहे. पुढे २००४ मध्ये क्रिस्टीन काउन्सेल यांनी आपली पाच मापं दिली. त्यांतलं एक फार उपयोगी आहे: घटना लहान असली तरी तिने त्या काळाबद्दल काय उघडं पाडलं? बारावीच्या वर्गात ही सगळी मापं एकदम टाकू नका. मुलं त्यांचे मथळे करतात आणि प्रत्येकाखाली दोन ओळी भरतात. व्याप्ती, खोली, टिकाव आणि ‘काय उघडं पाडलं’ ही चार पुरेत. तुमच्याच घटनेवर ती लावून पाहू, म्हणजे कोणतं माप कुठे फसवतं तेही कळेल.

व्याप्तीपासून सुरुवात करू, कारण तुमच्या विद्यार्थ्याने हेच माप घेतलं होतं. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे इथे, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्यात, आसपासच्या गावांचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी खातेवह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. तिथून हे लोण अहमदनगर जिल्ह्यात गेलं. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात दोन आकडे आहेत: ३० हून अधिक गावं आणि सुमारे ६,५०० चौरस किलोमीटरचा टापू. दोन्ही आकडे एकाच घटनेचे, पण एकाने दंगे केवढेसे वाटतात आणि दुसऱ्याने केवढाले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून गावं हजारांनी होती, त्यांतली तीसेक म्हणजे तुरळकच. ६,५०० चौरस किलोमीटर ऐकलं की मात्र सगळा मुलूख पेटल्यासारखा वाटतो. खरं तर तो टापू म्हणजे एकमेकांपासून लांब असलेल्या गावांभोवती मारलेली रेघ आहे. ज्याने फक्त आकडा लिहिला त्याला माहितीचा गुण द्या. ‘गावांच्या संख्येने पाहिलं तर व्याप्ती लहान, पण दोन जिल्ह्यांत पसरल्यामुळे सरकारला ती मोठी वाटली’ असं ज्याने लिहिलं, त्याने माप वापरलं आहे.

म्हणजे तुमचा मुलगा व्याप्तीच्या मापाने बरोबर होता. इतकंच नाही, नील चार्ल्सवर्थ या इतिहासकारांनी १९७२ मध्ये जवळपास हीच मांडणी केली, की दंगे मर्यादित होते आणि त्यांना नंतर फार मोठं करून दाखवलं गेलं. सगळ्या इतिहासकारांना हे पटलेलं नाही. पण बारावीच्या मुलाने अभ्यासकांच्या वादातली एक बाजू आपण होऊन गाठली, त्याला आठापैकी तीन गुण कमीच पडले. त्याचं खरं उणेपण वेगळं आहे: तो एकाच मापावर थांबला.

आता खोली. इथे मुलांना एकच सांगा: ज्यांच्यावर परिणाम झाला, त्यांच्या रोजच्या जगण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी काय वेगळं होतं? रोखा जळाला त्या कर्जदारापुरतं पाहिलं, तर सावकाराच्या हातातला पुरावाच गेला, हा बदल लहान नव्हे. पण सरकारला द्यायचा शेतसारा तेवढाच राहिला, जमीन तेवढीच राहिली, आणि पुढच्या पेरणीला पैसे लागले की पुन्हा सावकाराचंच दार. शिवाय पोलीस आणि लष्कर आलं आणि ९५१ जणांना अटक झाली. त्या घरांच्या दृष्टीने परिणाम खोल होता, पण तो त्यांना हवा होता तसा नव्हता. मुलं ‘खोल’ याचा अर्थ ‘चांगला’ असा घेतात. खोली म्हणजे बदल किती, तो कोणत्या दिशेने हे वेगळं लिहायचं, हे वर्गात एकदा फळ्यावर करून दाखवा.

टिकावाच्या मापावर सगळ्यात जास्त उत्तरं घसरतात. ‘दंग्यांमुळे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला’ हे वाक्य बहुतेक प्रत्येक पेपरात सापडेल. पण १८७५ आणि १८७९ यांच्यामध्ये चार वर्षं आहेत आणि ती रिकामी नाहीत. १८५७ ची आठवण ताजी होती म्हणून हिंदुस्थान सरकारने मुंबई सरकारवर दबाव आणला आणि आयोग नेमला गेला. आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. मधल्या काळात, १८७६ पासून, दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं. मग कायद्याचं श्रेय किती दंग्यांना, किती अहवालाला, किती दुष्काळाला आणि किती सरकारच्या धास्तीला? विद्यार्थ्याने याची टक्केवारी काढायची नाही. ‘दंगे झाले नसते तर आयोग नेमला गेला असता का? आयोग नसता तर कायदा झाला असता का?’ हे दोन प्रश्न त्याने स्वतःला विचारावेत. पहिल्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ येईल. दुसऱ्याचं उत्तर इतकं सोपं नाही, आणि तसं लिहिणं हे चांगल्या उत्तराचं लक्षण आहे.

कायद्याने काय बदललं, तेही नेमकं लिहायला हवं. ‘शेतकऱ्यांना दिलासा मिळाला’ हे कुठल्याही कायद्याबद्दल लिहिता येतं. हा कायदा आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. तोवर रोख्यावर आकडा लिहिला आणि खाली अंगठा उठला, की कोर्ट तो आकडा मान्य करत असे. या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाता येऊ लागलं: मूळ रक्कम किती, व्याज किती चढवलं, प्रत्यक्ष हातात काय पडलं, हे पाहून हिशोब नव्याने मांडता येऊ लागला. कर्ज हप्त्याने फेडायची सोय झाली आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यावर बंधन आलं. सावकारांनीही वाट काढलीच. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले, म्हणजे कागदावर कर्जच उरत नसे. ती पळवाट बुजवायला नंतर कायदा दुरुस्त करावा लागला. टिकाव मोजायचा तो असा. कायदा किती वर्षं राहिला एवढं पुरत नाही, तो राहिला तेव्हा माणसं त्याच्याशी कशी वागली तेही पाहायचं.

चौथं माप माझ्या मते या घटनेला सगळ्यात जास्त लागू पडतं, आणि नेमकं तेच मुलं वापरत नाहीत. सुप्यात शेतकऱ्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर निघाला. सावकारांवर हल्ले झाले, पण जमावाला आधी हव्या होत्या त्या वह्या आणि रोखे. असं का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांपुरताच चालेल असं ठरवलं. हेतू असा, की व्याज साचू नये. सावकारांनी दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि थकलेलं व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसू लागलं. फळ्यावर मांडून दाखवा. समजा १०० रुपये कर्ज आणि वर्षाला शेकडा २४ व्याज. तीन वर्षांनी देणं १७२. नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी तो जवळपास २९६ चा, नवव्या वर्षी ५०९ च्या आसपास. आणि शेतकऱ्याच्या हातात पडले होते ते १०० च. हा हिशोब पाहिला की मुलांना रोखे का जाळले ते वेगळं सांगावं लागत नाही. शेतकऱ्याचं संरक्षण करायला केलेला कायदाच त्याच्या गळ्याशी आला, ही गोष्ट या दंग्यांनी उघडी पाडली.

आणखी एक गोष्ट उघडी पडली. सरकारची सारामागणी हे दंग्याचं कारण आहे का, हे तपासायला आयोगाला मुद्दाम सांगितलं होतं. आयोगाने पुरावे गोळा केले आणि सारा हे कारण नाही, दोष सावकारांचा, असा निष्कर्ष काढला. साऱ्याची फेरआकारणी होऊन तो बराच वाढलेला होता, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी ओसरल्यावर सावकारांनी हातही आखडता घेतला होता. तरी सरकार आपल्याकडे बोट दाखवायला तयार झालं नाही. दंगे तीसच गावांत झाले असले, तरी त्यांच्यातून सत्ता कसा विचार करते ते दिसतं. ‘दंगे’ हा शब्दही सरकारी कागदांतूनच आपल्याकडे आला. वर्गात एकदा विचारून बघा, सुप्याचा शेतकरी त्याला काय म्हणाला असता.

आता चारही मापं शेजारी ठेवली तर ती एकमेकांशी जुळत नाहीत. व्याप्ती लहान. खोली मोजक्या घरांत जास्त, बाकी ठिकाणी कमी. टिकाव कायद्यामुळे मोठा, पण त्याचं श्रेय वाटून घ्यावं लागतं. उघडं पाडलं ते फार मोठं. खरं उत्तर या न जुळण्यातच असतं. चांगला शेवट साधारण असा होईल:

‘गावांच्या संख्येने पाहिलं तर दख्खनचे दंगे लहान होते आणि ते लवकर मोडले गेले. पण सरकार १८५७ नंतर धास्तावलेलं असल्यामुळे लहान दंग्यांचीही मोठी चौकशी झाली, आणि त्या चौकशीमुळे पुढे कोर्टाला रोख्याच्या मागे पाहता येऊ लागलं. म्हणून शेतकरी-सावकार संबंधांच्या बाबतीत मी त्यांना महत्त्वाचे मानतो. सारापद्धतीच्या बाबतीत मात्र त्यांचं महत्त्व कमी, कारण आयोगाने सारा हे कारणच मानलं नाही.’

यात ‘अतिशय’ हा शब्द नाही. कशाच्या बाबतीत जास्त आणि कशाच्या बाबतीत कमी, हे आहे.

प्रश्न काढायचा तर यातूनच निघतो. ‘दख्खनमधल्या शेतकरी-सावकार संबंधांच्या दृष्टीने १८७५ चे दंगे किती महत्त्वाचे होते? व्याप्ती, खोली, टिकाव आणि त्यांतून काय उघड झालं, यांपैकी किमान दोन निकष वापरून तुमचं मत मांडा.’ पहिल्या दोन-तीन चाचण्यांत निकष प्रश्नातच छापा. मग ‘योग्य ते निकष निवडून’ एवढंच लिहा. वर्षाच्या शेवटी तेही काढून टाका आणि फक्त ‘कशाच्या दृष्टीने’ हे ठेवा. ते मात्र कधीच काढू नका, त्याच्याशिवाय ‘किती’ला आधार राहत नाही.

प्रश्न छापायला देण्याआधी दोन परीक्षा करा. पहिली, घटनेचं नाव झाका. आदर्श उत्तरात फक्त नाव बदलून ते १८५७ च्या उठावाला किंवा एखाद्या सत्याग्रहाला चालत असेल, तर प्रश्न सैल आहे. दुसरी, दोन समंजस माणसं पुरावा देऊन दोन वेगळी उत्तरं लिहू शकतील का ते पाहा. १६७४ च्या राज्याभिषेकाचं महत्त्व ‘कमी’ असं आपल्याकडचं कुठलं मूल पेपरात लिहिणार? तिथे ‘किती’ विचारून काही हाती लागत नाही. ‘कोणत्या बाबतीत अधिक, मुलखी कारभारात की इतर सत्तांशी असलेल्या संबंधांत?’ असं विचारलं तर त्याच घटनेवर मुलांना तोलावं लागेल. आणि ‘सर्वांत महत्त्वाचं कारण कोणतं?’ हा वेगळ्या जातीचा प्रश्न आहे, तो महत्त्व विचारणाऱ्या प्रश्नात मिसळू नका. मुलं लगेच कारणांच्या यादीकडे वळतात.

आठ गुण असे वाटता येतील. अचूक आणि नेमक्या माहितीला दोन. निवडलेल्या प्रत्येक निकषाला दोन, म्हणजे दोन निकषांचे चार. त्यात एक गुण निकष लावल्याचा आणि एक तो पुराव्याला जोडल्याचा. उरलेले दोन तोलण्याला: निकष एकमेकांविरुद्ध जातात तिथे काय ठरवलं आणि का. निष्कर्ष ‘महत्त्वाचे’ असो की ‘नव्हते’, त्याला गुण नाहीत. गुण त्याच्या आधाराला आहेत, हे मुलांना पेपराआधीच सांगा. वेळ वीस मिनिटं धरली, तर पहिली चार-पाच मिनिटं कच्च्या कागदावर: निकषाचं नाव, त्यापुढे एक पुरावा, त्यापुढे ‘जास्त’ किंवा ‘कमी’. हा तुकडा ज्याने केला नाही त्याचं उत्तर पानाच्या मध्यावर आलं की पुन्हा कारणांत शिरतं. तपासताना ते तुम्हाला लगेच दिसेल: ‘कारण’ आणि ‘त्यामुळे’ हे शब्द पुन्हापुन्हा येतात आणि ‘या दृष्टीने’ एकदाही येत नाही.

त्या मुलाचा पेपर पुन्हा हातात घ्या. याच हिशोबाने त्याला चार तरी मिळतात: माहितीचे दोन, कारण तीसेक गावं आणि दंगे मोडले जाणं हे बरोबर आहे, आणि व्याप्तीचे दोन. दुसरा निकष नाही आणि तोललेलं नाही, म्हणून उरलेले चार गेले. गुण बदला आणि समासात लिहा: ‘व्याप्तीच्या मापाने तुझं म्हणणं पटतं. मग एवढ्या लहान दंग्यांचा अहवाल ब्रिटिश संसदेपर्यंत का गेला?’ आणि दहा मिनिटं देऊन त्याला त्याच पानाखाली पुढचा परिच्छेद लिहायला सांगा.